एक्सपोर्ट ६३ टक्क्यांवरच का मरतो?

बावीस मिनिटांची फिल्म होती. टाइमलाइनवर पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट चालत होती. रात्री एक्सपोर्ट लावून झोपलो. सकाळी पाहतो तर एडिटिंग सॉफ्टवेअर बंद, आणि फोल्डरमध्ये एक फाइल, जी कुठल्याच प्लेअरमध्ये उघडेना. पुन्हा लावला, ६३ टक्क्यांवर बंद. कॉम्प्युटर रीस्टार्ट करून तिसऱ्यांदा लावला. पुन्हा ६३.

दोनदा चिडचिड झाली होती, तिसऱ्यांदा मात्र चक्क हायसं वाटलं. तोच आकडा तीनदा येतो तेव्हा त्याला योगायोग म्हणता येत नाही. बिघाड कुठे आहे, ते मशीन स्वतःच सांगत असतं. बहुतेक लोक मात्र इथेच सॉफ्टवेअर काढून नव्याने टाकतात, ड्रायव्हर बदलतात, सेटिंगमधलं दिसेल ते बटण दाबतात. मीही हे सगळं केलेलं आहे. त्यात दिवस जातो आणि एखाद्या वेळी काम झालंच, तर कशाने झालं ते कळत नाही.

## एक्सपोर्ट म्हणजे एकाच वेळी चार कामं

बटण एक असलं तरी आत चार कामं शेजारी-शेजारी चालू असतात. मूळ क्लिपची फाइल उलगडून एकेक फ्रेम बाहेर काढायची. त्या फ्रेमवर रंग, अक्षरं, ट्रान्झिशन, इफेक्ट चढवायचे. तयार झालेली फ्रेम पुन्हा दाबून लहान करायची. आणि शेवटी ती डिस्कवर लिहायची. फ्रेम उलगडायची आणि दाबायची जी ठरलेली पद्धत असते तिला कोडेक म्हणतात. एच.२६४, एचईव्हीसी, प्रोरेस ही कोडेकचीच नावं.

हे चौघे साखळी धरून काम करतात. एक थांबला की सगळे थांबतात, आणि पडद्यावर येणारा संदेश बहुधा इतका मोघम असतो की नेमका कोण थांबला ते त्यावरून उमगत नाही. म्हणून संदेशाच्या आधी आकड्याकडे पाहायचं.

एक्सपोर्ट दर वेळी त्याच जागी मरत असेल, तर टाइमलाइनच्या त्या जागेवर काहीतरी आहे: खराब क्लिप, जड इफेक्ट किंवा अवाढव्य चित्र. दर वेळी वेगळ्या जागी मरत असेल, तर दोष टाइमलाइनचा नाही. मशीन तापतंय किंवा हळूहळू काहीतरी भरत चाललंय. आणि टक्केवारी वेगळी पण तयार झालेल्या फाइलचा आकार प्रत्येक वेळी बरोबर चार जीबीच्या आसपास असेल, तर पुढचं काही वाचायची गरज नाही. ज्या ड्राइव्हवर फाइल लिहिताय तो `FAT32` पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे, आणि त्या पद्धतीत चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही. ड्राइव्हवर दोनशे जीबी रिकामे असले तरी नाही. त्यावरचा माल आधी दुसरीकडे हलवून `exFAT` मध्ये फॉरमॅट केला की ही अडचण संपते.

माझा प्रकार पहिला होता. बावीस मिनिटं म्हणजे १३२० सेकंद. त्याचे ६३ टक्के काढले तर साधारण ८३२ सेकंद, म्हणजे १३ मिनिटं ५२ सेकंद. टक्केवारी पूर्णांकात दिसते आणि उलगडणारं काम लिहिणाऱ्या कामाच्या थोडं पुढे धावत असतं, त्यामुळे दहा-पंधरा सेकंद इकडेतिकडे धरायचे. मी १३:४० ते १४:१० एवढ्याच भागाला इन आणि आउटच्या खुणा लावल्या आणि तेवढाच तुकडा एक्सपोर्ट केला. वीस सेकंदांत क्रॅश. रात्रभर थांबून जे कळलं असतं ते अर्ध्या मिनिटात कळलं. ही छोटी चाचणी न करता कुठलंही सेटिंग बदलू नका. बदलाचा परिणाम झाला की नाही हे तपासायला ती जवळ हवीच.

## ‘पण प्रिव्ह्यू तर झकास चालतो!’

ही सगळ्यांची पहिली तक्रार, आणि ती रास्त आहे. जे आत्ता पडद्यावर दिसतंय तेच फाइलमध्ये उतरवायला काय हरकत आहे?

हरकत अशी की पडद्यावर दिसतं ते पूर्ण काम नसतंच. प्रिव्ह्यू साधारणपणे अर्ध्या किंवा पाव रिझोल्युशनवर चालतो. मशीन मागे पडलं तर मधल्या काही फ्रेम गुपचूप गाळल्या जातात. तुम्ही प्रॉक्सी, म्हणजे मूळ क्लिपची हलकी प्रत, वापरत असाल तर मूळ फाइलला हातही लागलेला नसतो. एक्सपोर्टमध्ये या सगळ्या सवलती बंद. प्रत्येक फ्रेम पूर्ण आकारात, एकही न गाळता.

शिंप्याचं टेबल डोळ्यांसमोर आणा. कापडाचे तागे कपाटात कितीही असू देत, कातर चालवायची तर कापड टेबलावर अंथरावंच लागतं. टेबल लहान आणि कापड मोठं असेल तर भरलेलं कपाट काय कामाचं? ग्राफिक्स कार्डावर स्वतःची जी मेमरी असते, जिला व्हीरॅम म्हणतात, ती हे टेबल आहे. कॉम्प्युटरची रॅम हे कपाट. प्रिव्ह्यूच्या वेळी आपण कापडाऐवजी कागदाचा छोटा नमुना अंथरून पाहत असतो, म्हणून तिथे सगळं मावतं.

टेबलावर किती मावतं याचा हिशेब करता येतो, आणि एकदा तरी करून पाहावा. फोर-के फ्रेममध्ये ३८४० गुणिले २१६० म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके असतात. इफेक्टची आकडेमोड करताना अनेक सॉफ्टवेअर प्रत्येक ठिपक्यासाठी चार आकडे धरतात: लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता. अचूक रंगांसाठी त्यातला प्रत्येक आकडा चार बाइटचा असतो. ठिपक्याला सोळा बाइट, म्हणजे एका फ्रेमला सुमारे १३३ एमबी. तुमची क्लिप डिस्कवर किती लहान आहे याचा इथे काही संबंध नाही. टेबलावर घडी उलगडूनच ठेवावी लागते.

आठ जीबीच्या कार्डावर अशा साठ फ्रेम मावतील, आणि साठ ऐकायला पुष्कळ वाटतात. पण त्यातली थोडी जागा ऑपरेटिंग सिस्टिम, दुसरा मॉनिटर आणि उघडा राहिलेला ब्राउझर आधीच खातात. शिवाय एक फ्रेम बनवायला एकच फ्रेम लागते असं नाही. चित्रातले दाणे काढणारा, आजूबाजूच्या फ्रेमशी ताडून पाहणारा नॉइज रिडक्शन मागच्या पाच आणि पुढच्या पाच फ्रेम मागत असेल, तर एका वेळी अकरा फ्रेम अंथरल्या गेल्या. तिथेच दीड जीबी संपले, आकडेमोडीची मधली पानं वेगळी.

## १३ मिनिटं ५२ सेकंदांना काय होतं?

दोन जुने फोटो. एक विरत जातो, दुसरा उमटतो. दोन्ही फोटो उभ्या-आडव्या चौकटीत नीट बसत नव्हते, म्हणून प्रत्येकाच्या मागे त्याच फोटोची धूसर प्रत पसरवली होती. हल्ली सर्रास दिसते तशी. बघायला अगदी निरुपद्रवी दृश्य. ड्रोनची धावती दृश्यं बिनतक्रार गेली आणि दोन स्थिर फोटोंनी मशीन पाडलं, यावर माझा आधी विश्वासच बसला नाही.

फोटो स्कॅन करून आले होते. दहा बाय आठ इंचाचा फोटो, १२०० डीपीआयवर. म्हणजे १२,००० गुणिले ९,६०० ठिपके, साडेअकरा कोटी. जेपेग फाइल काही एमबींचीच, त्यामुळे शंका येण्याचं कारण नव्हतं. पण सोळा बाइटच्या हिशेबाने असा एक फोटो टेबलावर १.८४ जीबी जागा घेतो. त्याची धूसर प्रत आणखी तेवढीच. आणि ट्रान्झिशनच्या त्या दीड सेकंदात दोन्ही फोटो एकाच वेळी हवेत. चार प्रतींचे झाले जवळपास ७.४ जीबी. कार्ड आठ जीबीचं, त्यातलं काही आधीच व्यापलेलं.

फोटो एकटा असताना मावत होता आणि दोघे एकत्र आले की टेबल ओसंडत होतं. म्हणूनच मरण नेमकं ट्रान्झिशनवर येत होतं. सगळीच सॉफ्टवेअर असा हिशेब करत नाहीत. काही आधी चित्र लहान करतात आणि मग धूसर करतात, तिथे आकडा पुष्कळ खाली येतो. माझ्याकडचं तसं करत नव्हतं.

इलाज सोपा निघाला. पडद्याची रुंदी ३८४० ठिपके. मला फोटोवर जास्तीत जास्त दीडपट झूम करायचा होता, म्हणजे ५७६० ठिपके रुंदी पुरेशी. फोटो एडिटरमध्ये दोन्ही ५७६० गुणिले ४६०८ केले. चार प्रतींचं ओझं ७.४ वरून १.७ जीबीवर आलं, आणि पडद्यावर केसाइतकाही फरक दिसला नाही. त्याच तीस सेकंदांच्या तुकड्याची चाचणी पार पडली.

अंदाजावर विसंबायचं नसेल तर मेमरी भरताना डोळ्यांनी पाहता येते. विंडोजमध्ये `Task Manager` उघडा, `Performance` मध्ये `GPU` निवडा आणि `Dedicated GPU memory` हा आलेख पाहत छोटी चाचणी चालवा. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर ही आज्ञा दर सेकंदाला आकडा लिहीत राहते, आणि सॉफ्टवेअर मेलं तरी शेवटचा आकडा पडद्यावर उरतो:

```
nvidia-smi --query-gpu=memory.used,memory.total --format=csv -l 1
```

आकडा चढत चढत कमाल मर्यादेला टेकला आणि लगेच क्रॅश झाला, तर पुरावा मिळाला. आलेख निम्म्यावरच असताना क्रॅश झाला, तर व्हीरॅमला दोष देऊ नका; कारण दुसरं आहे.

## ‘रॅम बत्तीस जीबी आहे, ती का वापरत नाही?’

वापरतं. विंडोजमध्ये टेबल भरलं की कार्ड रॅममधली थोडी जागा उसनी घेतं. त्याच पानावर `Shared GPU memory` म्हणून ती दिसते. पण कार्डाला रॅमपर्यंत पोचायचा रस्ता व्हीरॅमच्या मानाने फारच चिंचोळा आहे. कामाचा वेग कोसळतो, आणि कधी कधी इथून दुसराच अपघात घडतो. कार्डाने दिलेलं काम ठरावीक वेळेत संपवून उत्तर दिलं नाही, तर ते अडकलंय असं समजून विंडोज ड्रायव्हरच रीसेट करतं. ही मुदत मुळात दोन सेकंदांची असते. ड्रायव्हर रीसेट झाला की त्यावर चालणारं एडिटिंग सॉफ्टवेअर कोलमडतं. पडदा क्षणभर काळा होऊन परत आला असेल तर `Event Viewer` मध्ये `System` खाली `Display` या नावाची, 4101 क्रमांकाची नोंद शोधा. ती सापडली तर हेच घडलंय.

अ‍ॅपल सिलिकॉनच्या मॅकमध्ये टेबल आणि कपाट वेगळं नाही, एकच सामाईक मेमरी आहे. तिथे हा प्रश्न थोडा सौम्य होतो, पण आठ जीबीच्या मशीनवर ऑपरेटिंग सिस्टिमही त्याच आठमध्ये राहते, हे विसरू नये.

आणि फोटो लहान करण्यासारखी सोपी वाट नसेल, खरोखर इफेक्टच जड असेल तर? तेवढी एक क्लिप इफेक्टसकट वेगळी रेंडर करून टाइमलाइनवर मूळ क्लिपच्या जागी ठेवा. किंवा ग्राफिक्स कार्ड बाजूला ठेवून प्रोसेसरकडून काम करून घ्या. प्रीमिअरमध्ये त्यासाठी प्रोजेक्ट सेटिंगमध्ये `Mercury Playback Engine Software Only` हा पर्याय आहे. वेळ कितीतरी पट लागेल, पण त्या वाटेने व्हीरॅमचं बंधन राहत नाही. नवं कार्ड घेण्याचा विचार त्यानंतर करावा असं माझं मत. दोन फोटोंसाठी कार्ड बदललं असतं तर मी स्वतःला फार दिवस माफ केलं नसतं.

## कोडेकचा वाटा किती?

फोटो सुटले, पण दुसऱ्याच फिल्मवर असाच क्रॅश आला आणि व्हीरॅमचा आलेख निम्म्यावर होता, असं समजा. मग संशय कोडेकवर जातो.

हिशेबाची वही दोन प्रकारे लिहिता येते. एका वहीत प्रत्येक पानावर सगळी खाती पूर्ण मांडलेली. दुसरीत अधूनमधून एक पान पूर्ण आणि बाकी पानांवर फक्त ‘मागील पानावरून पुढे’ आणि झालेला बदल. दुसरी वही खूप पातळ होते, पण मधलं पान फाटलं तर पुढच्या पूर्ण पानापर्यंत सगळंच चुकतं. एच.२६४ आणि एचईव्हीसी साधारणपणे दुसऱ्या वहीसारखे चालतात. म्हणूनच फोनमध्ये तासभराचं चित्रीकरण मावतं. प्रोरेस आणि डीएनएक्सएचआर पहिल्या वहीसारखे: फाइल जाडजूड, पण प्रत्येक फ्रेम स्वयंपूर्ण.

एडिटिंगमध्ये आपण ही पातळ वही मधूनच उघडतो, पानं पुढेमागे करतो आणि शेवटी सगळी उतरवून पुन्हा पातळ वही करायला सांगतो. यात गडबडीच्या दोन जागा आहेत. मूळ क्लिप उलगडताना अडचण येते, विशेषतः स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये किंवा फोनच्या चित्रीकरणात, जिथे सेकंदाला किती फ्रेम हे मधेच बदलत राहतं. नाहीतर शेवटी दाबताना अडचण येते, कारण हे काम बहुधा कार्डावरच्या हार्डवेअर एन्कोडरकडे दिलेलं असतं. तो वेगवान आहे, पण ठरावीक प्रकारचंच चित्र घेतो आणि ड्रायव्हरवर अवलंबून असतो.

दोघांतला कोण, हे एका चाचणीत कळतं. तोच तुकडा एच.२६४ ऐवजी प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआरमध्ये एक्सपोर्ट करा. पार पडला, तर दोष शेवटच्या दाबण्यात आहे. एक्सपोर्टच्या सेटिंगमध्ये `Hardware Encoding` च्या जागी `Software Encoding` निवडा आणि पुन्हा पाहा. प्रोरेसमध्येही क्रॅश झाला, तर मूळ क्लिपकडे वळा आणि ती आधी प्रोरेसमध्ये रूपांतरित करून टाइमलाइनवर ठेवा.

मी आता मोठ्या फिल्मला सरळ दोन टप्प्यांतच काम करतो: आधी प्रोरेसमध्ये जाडजूड मास्टर, मग त्यावरून एडिटिंग सॉफ्टवेअर बंद ठेवून लहान फाइल. एफएफएमपेग हे फुकट साधन दुसरा टप्पा असा करतं:

```
ffmpeg -i master.mov -c:v libx264 -crf 18 -pix_fmt yuv420p -c:a aac -b:a 192k -movflags +faststart final.mp4
```

दोनदा दाबल्याने दर्जा जात नाही का, असा आक्षेप इथे येतो. तत्त्वतः जातो. पण प्रोरेस ४२२ इतकी कमी दाबणूक करतो की त्यातून झालेलं नुकसान शेवटच्या एच.२६४ मध्ये ओळखू येणं मुश्कील. एच.२६४ वरून पुन्हा एच.२६४ केलं तर मात्र दिसतं.

## आणि मग डिस्कने दगा दिला

हा जाडजूड मास्टर करताना त्याच फिल्मने मला दुसरा धक्का दिला. फोटो लहान केले, मास्टर लावला, ८८ टक्क्यांवर थांबला. पुन्हा लावला तर ८६.

फोर-के, सेकंदाला २५ फ्रेम, प्रोरेस ४२२: याचा वेग सेकंदाला सुमारे ४९२ मेगाबिट. आठाने भागलं की ६१.५ एमबी. गुणिले १३२० सेकंद, म्हणजे सुमारे ८१ जीबी. डिस्कवर ७४ जीबी रिकामे होते. हा गुणाकार आधी केला असता तर लावलाच नसता. आता तो कागदावर करूनच लावतो.

पण ८१ चे ८८ टक्के म्हणजे ७१ जीबी, आणि जागा तर ७४ ची होती. उरलेले तीन कुठे गेले? तिथे स्क्रॅच डिस्क येते. काम चालू असताना सॉफ्टवेअर आवाजाचे आलेख, आधी रेंडर केलेले तुकडे, तात्पुरत्या फाइली एका ठरलेल्या जागी साठवत राहतं. ती जागा म्हणजे स्क्रॅच डिस्क, आणि तिथल्या त्या साठ्याला कॅश म्हणतात. माझी स्क्रॅच डिस्क आणि एक्सपोर्टची डिस्क एकच होती. एक हात फाइल लिहीत होता आणि दुसरा त्याच जागेत कॅश भरत होता, म्हणून दुसऱ्या खेपेला आकडा आणखी खाली आला.

बरेचदा परिस्थिती याहून वाईट असते. काही न बदलल्यास कॅश सिस्टिम ड्राइव्हवर जाते, जिथे रॅमला पुरवणी म्हणून विंडोजने ठेवलेली पेजफाइलही असते. रॅम कमी पडली की पेजफाइल वाढायला बघते, कॅशने जागा खाल्लेली असते, आणि मग जो संदेश येतो तो ‘मेमरी अपुरी’ असा असतो. माणूस रॅम विकत आणतो. दुखणं मात्र डिस्कचं.

‘पण एक्सपोर्ट संपताना तर जागा शिल्लक होती!’ हेही ऐकायला मिळतं. काही सॉफ्टवेअर चित्र आणि आवाज आधी वेगवेगळ्या तात्पुरत्या फाइलींत लिहितात आणि शेवटी एकत्र जोडतात. त्या जोडणीच्या क्षणी तात्पुरती आणि अंतिम अशा दोन्ही प्रती डिस्कवर असतात, म्हणजे जागा जवळपास दुप्पट लागते. ९९ टक्क्यांवर मरणारे एक्सपोर्ट पुष्कळदा यातले. क्रॅशनंतर तपासायचं तर कॉम्प्युटर सुरू होताच फोल्डरमध्ये `.m4v` आणि `.aac` अशी उरलेली जोडी दिसते का, ते बघा.

अर्धी राहिलेली एमपी४ फाइल उघडत का नाही, याचंही उत्तर इथेच आहे. कुठली फ्रेम फाइलमध्ये कुठे आहे याची अनुक्रमणिका साधारणपणे सगळ्यात शेवटी लिहिली जाते. लिहिणारा आधीच पडला तर पानं आहेत, अनुक्रमणिका नाही.

मी कॅश वेगळ्या एसएसडीवर हलवली, जुन्या प्रोजेक्टची कॅश सॉफ्टवेअरमधूनच साफ केली आणि एक्सपोर्टला दुसरी डिस्क दिली. कॅश हाताने फोल्डर उडवून साफ करू नये. चुकून रेंडर केलेल्या कामाच्या फाइली जातात.

## आकडा दर वेळी वेगळाच असेल तर

३१, मग ७८, मग १२. त्यातही डिस्कवर भरपूर जागा, व्हीरॅम निम्मी. अशा वेळी टाइमलाइन उकरत बसू नका. `nvidia-smi` च्या आज्ञेत `temperature.gpu` हाही शब्द घालून तापमान पाहा. कार्डाला कारखान्यातल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणारं एखादं साधन चालू असेल तर ते आधी बंद करा. खेळ खेळताना बिनबोभाट चालणारा वेग एक्सपोर्टमध्ये टिकतोच असं नाही, कारण खेळात भार वरखाली होत राहतो आणि एक्सपोर्टमध्ये तो तासन्‌तास एकसारखा असतो. पंख्यातली धूळ साफ करून, लॅपटॉप गादीवरून उचलून टेबलावर ठेवून तोच एक्सपोर्ट पुन्हा लावा आणि आकडा किती पुढे सरकला ते लिहून ठेवा.